सोडलेल्या पिकाचा हिशेब



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते अर्थशास्त्र शिकवताना फळ्यावर व्याख्या सगळ्यात शेवटी लिहीत. आधी गणित, मग चर्चा, आणि घंटा व्हायच्या आधी दोन मिनिटं व्याख्या. आज मीही त्याच क्रमाने जाणार आहे.

संधी खर्च आणि तुलनात्मक लाभ या दोन संकल्पना तुम्ही पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी वाचता. एक सुरुवातीला येते, निवडीच्या प्रश्नाबरोबर. दुसरी फार पुढे येते, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रकरणात. मधे इतकी पानं जातात की दुसरी ही पहिलीचीच पुढची पायरी आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुलनात्मक लाभ म्हणजे दोघांच्या संधी खर्चाची तुलना. त्यात याहून वेगळं काही नाही. एवढं पक्कं बसलं तर पुढचं पाठ करावं लागत नाही, आणि हे बसलं नाही तर पाठ केलेलंही पेपरात उपयोगी पडत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण शेतकऱ्यांची मुलं आहात, म्हणून शेतापासून सुरू करू. एक एकर बागायत जमीन आहे. हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल आकडे घेतो. तुमच्या शेतातले आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू ऊस लावला तर बारा महिन्यांनी, सगळा खर्च वजा जाता, साठ हजार रुपये हातात राहतात. ऊस नाही लावला, तर त्याच बारा महिन्यांत उन्हाळी भुईमूग, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा निघतो. भुईमुगाचे बारा हजार, सोयाबीनचे अठरा, हरभऱ्याचे सोळा, मिळून सेहेचाळीस हजार. तिसरा मार्ग म्हणजे जमीन खंडाने द्यायची आणि शेतात गेले असते ते दिवस एमआयडीसीत कामाला जायचं. खंडाचे वीस हजार आणि मजुरीचे पंधरा हजार, म्हणजे पस्तीस.

आता सांगा, ऊस लावण्याचा संधी खर्च किती?

हा प्रश्न मी कुठल्याही वर्गात विचारला की पहिलं उत्तर येतं एक्याऐंशी हजार. सेहेचाळीस अधिक पस्तीस. मुलांचं म्हणणं असतं की ऊस लावला म्हणून दोन्ही गोष्टी गेल्या, मग दोन्हींची बेरीज करायला नको का? नको. कारण ऊस लावला नसता तरी त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाल्या नसत्या. जमीन खंडाने दिल्यावर तिच्यात तुमचा हरभरा कसा येणार? एका एकरात एका वेळी एकच गोष्ट होते. म्हणून सोडलेल्या पर्यायांपैकी जो सगळ्यात चांगला, तेवढाच मोजायचा. संधी खर्च सेहेचाळीस हजार. ऊस साठ देतो, म्हणजे ऊस चौदा हजारांनी वरचढ. खिशातून गेलेल्या पैशांपुरतं पाहणाऱ्याला ऊस साठ हजारांनी फायद्याचा दिसतो, पण या निर्णयाने पदरात पडलेली खरी भर चौदा हजारांचीच आहे.

दुसरी चूक बारीक आहे आणि ती फक्त विद्यार्थी करतात असं नाही. तीन वर्षांपूर्वी बोअर मारायला एक लाख रुपये गेले. घरात वडील म्हणतात, ‘बोअरला एवढा पैसा घातलाय, आता ऊसच लावला पाहिजे.’ ते एक लाख या हिशेबात कुठे बसतात? कुठेच नाही. ऊस लावा, हरभरा पेरा की जमीन खंडाने द्या, ते परत येणार नाहीत. जो खर्च कुठलाही मार्ग निवडला तरी बदलत नाही, तो निवडीच्या हिशेबात धरायचा नाही. बोअरला लागलेलं पाणी मात्र मोजायचं, कारण ते आज या पिकाला दिलं तर त्या पिकाला मिळत नाही. खोडव्याचं गणित वेगळं पडतं तेही याच कारणाने. लागणीचा खर्च होऊन गेलेला असतो, त्यामुळे खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरवताना तो पुन्हा धरायचा नसतो.

तिसरी गोष्ट वेळेची. आडसाली ऊस जुलैत लावला तर तो सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. समजा त्यातून ऐंशी हजार उरतात. साठपेक्षा ऐंशी जास्त, म्हणून आडसाली बरा, असं वाटतं. पण अठरा महिन्यांत काय काय गेलं ते मोजा. पहिल्या वर्षीचं सोयाबीन गेलं, हरभरा गेला, उन्हाळी भुईमूग गेला, आणि पुढच्या वर्षीचं सोयाबीनही गेलं. अठरा, सोळा, बारा आणि पुन्हा अठरा, मिळून चौसष्ट हजार. ऐंशीतून चौसष्ट वजा केले की सोळा उरतात, आणि तेही दीड वर्षात. सुरू उसात वर्षाला चौदा उरत होते. आमच्या या गोल आकड्यांत सुरू ऊसच सरस ठरतो. तुमच्या रानात उलटं असू शकेल, कारण आडसालीचं टनेज जास्त पडतं. पण हिशेब अठरा महिन्यांचा अठरा महिन्यांशीच करायला हवा. पर्यायांची मुदत सारखी नसेल तर त्यांची तुलना फसते.

याच उसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वर आपण जो संधी खर्च काढला तो शेतकऱ्याच्या वहीतला आहे. उसाला पाटाने पाणी देत असाल तर वर्षाला वीस-पंचवीस पाळ्या लागतात. हरभरा दोन-तीन पाळ्यांत निघतो. कालव्याच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी पीक, हंगाम आणि क्षेत्र यांवर होते, प्रत्यक्ष किती पाणी घेतलं यावर नाही. त्यामुळे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने एक पाळी जास्त घेतली तर त्याच्या वहीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो टेलच्या शेतकऱ्याच्या रानात. तिथे पाणी पोचत नाही आणि ज्वारी वाळते. त्या जास्तीच्या पाळीचा संधी खर्च ती ज्वारी आहे. खर्च झाला एकाच्या निर्णयाने आणि भरला दुसऱ्याने. म्हणून ‘आमच्याकडे ऊस परवडतो’ हे वाक्य कानावर पडलं की परवडतो कोणाला, आणि त्यात पाण्याची किंमत धरली आहे का, हे विचारायला हवं. यात शेतकऱ्याची लबाडी नाही. समोर ज्या किमती आहेत त्या धरून तो बरोबर हिशेब करतो; पाण्याची किंमतच चुकीची लावलेली आहे.

इथवर एकच माणूस होता. आता दोघं घेऊ आणि शेतातून कारखान्यात जाऊ.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत असतात तशी एक लहान मशीन शेड डोळ्यांसमोर आणा. फौंड्रीतून कास्टिंग येतं, लेथवर त्याचा बुश कातला जातो, आणि कातल्यावर कडेला जी धारदार बर राहते ती कानसीने काढावी लागते. बर काढल्याशिवाय गिऱ्हाईक माल घेत नाही. शेडमध्ये दोघं जण आहेत, एक मुरलेला टर्नर आणि एक हेल्पर. दोघांनाही दोन्ही कामं येतात आणि लेथही दोन आहेत. टर्नरने शिफ्टभर फक्त कातकाम केलं तर चाळीस बुश होतात, फक्त बर काढली तर साठ. हेल्परने शिफ्टभर फक्त कातकाम केलं तर दहा होतात, फक्त बर काढली तर चाळीस.

टर्नर दोन्ही कामांत वरचढ आहे. चाळीसला दहा, साठला चाळीस. मग हेल्परचा उपयोग काय? वर्गात इथे हमखास कोणीतरी म्हणतं, ‘सर, दोन्ही कामं टर्नरनेच करावीत, हेल्परला काढून टाकावं.’ पुस्तकाच्या भाषेत टर्नरला दोन्ही कामांत निरपेक्ष लाभ आहे, आणि मुलांची नजर तिथेच अडकते.

हिशेब करून पाहू. दोघांनी आपापला माल सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायचा ठरवलं, तर टर्नर किती तयार बुश देईल? चोवीस. चोवीस कातायला शिफ्टचा साठ टक्के वेळ जातो आणि त्यांची बर काढायला उरलेला चाळीस टक्के. हेल्पर देईल आठ. त्याचा ऐंशी टक्के वेळ कातण्यात जातो आणि वीस टक्के बर काढण्यात. दोघांचे मिळून बत्तीस. आता टर्नरने फक्त कातायचं आणि हेल्परने फक्त बर काढायची. टर्नरचे चाळीस कातून होतात, हेल्पर चाळीसांची बर काढतो. तयार माल चाळीस. माणसं तीच, मशीन तीच, शिफ्ट तेवढीच, कोणाचाही वेग वाढलेला नाही; तरी आठ बुश जास्त निघाले.

हे आठ आले कुठून? टर्नर एक बुश कातताना दीड बुशची बर काढण्याचं काम सोडतो, कारण त्याच्या बाबतीत चाळीसला साठ असं प्रमाण आहे. हेल्पर एक बुश कातताना चार बुशची बर काढण्याचं काम सोडतो. म्हणजे कातकाम टर्नरला स्वस्त पडतं आणि हेल्परला महाग. हेच उलटं फिरवा. एक बर काढण्यासाठी टर्नर दोन तृतीयांश बुशचं कातकाम सोडतो, तर हेल्पर फक्त पाव बुशचं. बर काढणं हेल्परला स्वस्त पडतं. टर्नर बर काढण्यात हेल्परपेक्षा जलद आहे हे खरं; पण तो बर काढत बसला की लेथ थांबतो, आणि त्याचा लेथ थांबणं फार महागात पडतं. आता व्याख्या लिहा: ज्याचा संधी खर्च कमी, त्याला त्या कामात तुलनात्मक लाभ. दोघांची दोन्ही कामांतली निरनिराळी हुशारी मोजायची नाही. प्रत्येकाने एका कामासाठी दुसरं किती सोडलं ते आधी काढायचं आणि मगच दोघांची तुलना करायची.

यावर एक परीक्षा आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. हेल्पर बदला. नवा हेल्पर शिफ्टला वीस बुश कातू शकतो किंवा तिसांची बर काढू शकतो. कातण्यात तो पहिल्यापेक्षा दुप्पट जलद आहे. आता कामाची वाटणी करून किती फायदा होईल? काहीच नाही. वेगवेगळं काम केलं तर टर्नरचे चोवीस आणि याचे बारा, मिळून छत्तीस. आणि वाटणी कशीही केली तरी छत्तीसच्या पुढे जाता येत नाही. कारण यालाही एक बुश कातायला दीड बुशची बर सोडावी लागते, टर्नरसारखीच. प्रमाण सारखं झालं की वाटणीचा फायदा संपतो. म्हणजे फायदा कौशल्याच्या उंचीतून येत नाही, तो प्रमाणांतल्या फरकातून येतो. जो विद्यार्थी हे स्वतःच्या हाताने एकदा सोडवतो, तो तुलनात्मक लाभ आणि निरपेक्ष लाभ यांची पुन्हा गल्लत करत नाही.

आता पुस्तकातलं मूळ उदाहरण पाहू. डेव्हिड रिकार्डोने ते १८१७ साली मांडलं. इंग्लंड आणि पोर्तुगाल, कापड आणि वाइन. ठरावीक मापाचं कापड करायला इंग्लंडमध्ये वर्षाला १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०. इथे मुलं दुसऱ्यांदा घसरतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आपल्या शेडच्या तक्त्यात एका शिफ्टमध्ये किती माल निघतो ते लिहिलं होतं, म्हणजे मोठा आकडा चांगला. रिकार्डोच्या तक्त्यात तेवढ्याच मालाला किती माणसं लागतात ते आहे, म्हणजे लहान आकडा चांगला. तक्ता हातात आल्यावर सगळ्यात आधी तो मालाचा आहे की श्रमाचा, हे पाहायचं. पेपरात निम्म्या चुका इथेच होतात.

पोर्तुगाल दोन्ही वस्तूंत वरचढ आहे, आपल्या टर्नरसारखा. संधी खर्च काढू. इंग्लंडने एक माप वाइन केली तर १२० माणसं कापडावरून निघतात, म्हणजे १.२ माप कापड जातं. पोर्तुगालने तेवढीच वाइन केली तर ८० माणसं निघतात. तिथे एका मापाला ९० लागतात, म्हणजे जेमतेम ०.८९ माप कापड जातं. वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते, म्हणून पोर्तुगालने वाइन करावी आणि इंग्लंडने कापड. एका मापाला एक माप असा बदला झाला, तर इंग्लंडला १२० माणसांची वाइन १०० माणसांच्या श्रमात मिळते आणि पोर्तुगालला ९० माणसांचं कापड ८० माणसांच्या श्रमात.

रिकार्डोने हा हिशेब श्रमात मांडला, कारण वस्तूची किंमत तो मुख्यतः श्रमावरून ठरवत होता. पण आपल्या उसाच्या हिशेबात जमीन होती, पाणी होतं, अठरा महिने होते. ते सगळं श्रमात मोजता येत नाही. १९३०च्या दशकात गॉटफ्रीड हाबरलर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने रिकार्डोचा सिद्धांत संधी खर्चाच्या भाषेत नव्याने मांडला. कशातून खर्च आला हे न विचारता, एका वस्तूसाठी दुसरी किती सोडावी लागली एवढंच त्याने धरलं. पुस्तकाच्या सुरुवातीचं प्रकरण आणि व्यापाराचं प्रकरण यांना जोडणारी कडी ही आहे, आणि शिकवताना नेमकी तीच सुटते.

हा सिद्धांत एका गोष्टीबद्दल मात्र काही सांगत नाही, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. शेडमधले जास्तीचे आठ बुश कोणाचे? टर्नरचे, हेल्परचे की मालकाचे? इंग्लंड-पोर्तुगालच्या उदाहरणात एक माप वाइन ०.८९ ते १.२ माप कापडाच्या मधल्या कुठल्याही भावाने गेली तरी दोघांचा फायदा होतो. पण भाव ०.९ असेल तर जवळजवळ सगळा फायदा इंग्लंडचा, १.१९ असेल तर पोर्तुगालचा. हद्द सिद्धांत सांगतो, हद्दीच्या आत भाव कुठे ठरेल हे नाही. ते सौदा करण्याच्या ताकदीवर ठरतं.

आणि सिद्धांत असं धरून चालतो की माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर सहज जातो. मुंबईच्या गिरणगावात काय झालं ते पाहा. परळ-लालबागच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या जमिनीला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. पुढे शहर त्यांच्या भोवतीने वाढलं, आणि त्याच जमिनीवर कार्यालयं किंवा मॉल उभा करणं कितीतरी फायद्याचं झालं. म्हणजे सूत काढण्याचा खिशातला खर्च एका पैशानेही वाढला नसता, तरी तिथे सूत काढण्याचा संधी खर्च वर्षागणिक चढतच राहिला असता. शिवाय भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा गिरणीत जाता आलं नाही.

तक्त्यावर पाहिलं तर जमीन जास्त किमतीच्या कामाला गेली, हिशेब बरोबर. पण वीस वर्षं साचा चालवलेला माणूस त्या नव्या इमारतीत कारकून किंवा विक्रेता होत नाही. जमिनीला दुसरा उपयोग होता. त्याच्या हातातल्या कसबाला नव्हता. मग त्या जमिनीतून आलेला फायदा कोणाला मिळायला हवा होता? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन एका दुरुस्तीने आक्रसली. तुलनात्मक लाभाचं गणित यात कुठेही चुकलेलं नाही. वाटणी कायद्याने ठरली. माझं मत असं आहे की वाटणीचा प्रश्न न विचारता हा सिद्धांत शिकवणं म्हणजे अर्धाच सिद्धांत शिकवणं.

शिक्षकांना शेवटी एक विनंती करतो. यंदा या प्रकरणाचा स्वाध्याय देताना व्याख्या लिहायला सांगू नका. मुलांना गावातल्या एखाद्या शेडमध्ये, गुऱ्हाळावर किंवा घरच्याच रानात पाठवा, दोन माणसं आणि दोन कामं निवडायला सांगा, कोण किती करतो ते विचारून तक्ता भरायला सांगा, आणि वाटणीतून फायदा निघतो का ते सोडवून आणायला सांगा. काही तक्त्यांत प्रमाण सारखं निघेल आणि मुलगा घाबरत लिहील की फायदा होत नाही. त्याला पूर्ण गुण द्या.